‘स्वतःबद्दल सांगा’ आणि खचलेला कोपरा

प्रश्न: मी सिव्हिलची पदवी घेतली आणि दीड वर्ष साइटवर काम केलं. पदव्युत्तरसाठी जिओटेक्निकल शाखा पहिल्या पसंतीवर टाकली आहे आणि मुलाखत तीन आठवड्यांवर आली आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की मी नाव, शाळा, कॉलेज, गुण, छंद सांगते आणि ‘मला मातीच्या अभ्यासाची आवड आहे’ म्हणून थांबते. सगळे म्हणतात, एखादा खरा अनुभव जोड. माझ्याकडे एकच आहे. एका गोदामाच्या फरशीखालचा भराव चालू असताना दोन दिवस पाण्याचा टँकर आला नाही आणि एक पट्टा कोरडाच दाबला गेला. काही महिन्यांनी त्या पट्ट्याचा एक कोपरा खचला. फरशी फोडून तपासणी झाली तेव्हा मी तिथे होते, पण निष्कर्ष सल्लागारांनी काढले. तेव्हाच्या नोंदी सोबत जोडते. हा अनुभव माझा म्हणून सांगता येईल का, आणि कसा? शिवाय याच विषयात पदवीला माझे गुण कमी आहेत. ते आधीच सांगून टाकू का?

उत्तर: अनुभव जरूर सांगा. गुणांचं आधी काढू नका. त्याकडे शेवटी येऊ.

मुलाखत घेणाऱ्यांसमोर तुमचा अर्ज उघडा असतो. शाळा, कॉलेज, टक्के, कामाची वर्षं हे सगळं त्यांनी वाचलेलं असतं, निदान चाळलेलं तरी असतं. तरीही ते ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणतात, कारण पहिला प्रश्न कुठून विचारायचा हे त्यांना तुमच्या बोलण्यातून ठरवायचं असतं. तुम्ही ‘मातीच्या अभ्यासाची आवड आहे’ म्हणालात तर त्यांना धरायला काहीच मिळत नाही. मग ते अर्जात डोकावतात, पदवीच्या विषयांची यादी बघतात आणि कुठूनही सुरुवात करतात. तुमच्या बाबतीत ती सुरुवात बहुधा त्या कमी गुणांच्या विषयापासूनच होईल. याउलट बोलण्यात एखादी ठोस, मोजलेली, अर्धवट उलगडलेली गोष्ट आली, तर पहिला प्रश्न तिच्यावर येण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून ओळख तयार करणं म्हणजे पुढची पाच-सात मिनिटं कोणत्या विषयावर बोलायचं हे आधी ठरवणं.

आता तुमच्या नोंदींकडे येऊ. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्यात जास्त आहे, फक्त पत्र लिहिताना तुम्ही नेमका महत्त्वाचा भाग गाळलात. पत्रात तुमची गोष्ट अशी आहे: पाणी मिळालं नाही, भराव कोरडा दाबला, म्हणून खचला. ही गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल की साइटवर नियोजन नीट नव्हतं. मग बांधकाम व्यवस्थापन ही शाखा का घेत नाही? या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर राहणार नाही. अनुभव शाखेशी जुळला की नाही हे तपासायची सोपी रीत हीच. तीच गोष्ट न बदलता दुसऱ्या शाखेच्या मुलाखतीत सांगून बघा. तिथेही ती तितकीच खपत असेल तर शाखेकडे वळणारं वळण तिच्यात अजून आलेलं नाही.

ते वळण तुमच्या वहीत आहे. कोरडा दाबलेला पट्टा अख्खा खचला नाही. छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे मुरत होतं तेवढाच कोपरा ३५ मिलिमीटर बसला. पट्ट्याचा उरलेला भाग तितकाच कोरडा, तितकाच कमी दाबलेला, वरचा भारही तोच, तरी तो जागचा हलला नाही. तिथून काढलेल्या नमुन्याची कोरडी घनता १.६२ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आणि ओलावा ९ टक्के अशी नोंद आहे. शेजारच्या, पाणी मारून दाबलेल्या पट्ट्यात घनता १.७९ आणि ओलावा १३ टक्के आहे. प्रयोगशाळेच्या प्रॉक्टर चाचणीत याच मातीची कमाल घनता १.८५ आली होती, १४ टक्के ओलाव्याला. म्हणजे चांगला पट्टा कमाल घनतेच्या जवळजवळ ९७ टक्क्यांवर आहे आणि कोरडा ८८ टक्क्यांच्या आत. अशा भरावाला बहुधा ९५ टक्के मागतात.

इथपर्यंत पदवीचा अभ्यास पुरतो. पण ‘घनता कमी होती म्हणून खचला’ हे उत्तर इथे अपुरं पडतं, कारण कमी घनतेचाच अर्धा पट्टा शाबूत उभा आहे. पाणी शिरल्यावरच माती का बसली, हा प्रश्न जिओटेक्निकलचा आहे. त्याचं उत्तर अंशतः संपृक्त मातीच्या अभ्यासात मिळतं, आणि तो भाग पदवीला बहुतेक ठिकाणी ओझरता येतो, नाहीतर येतच नाही. त्यामुळे ‘इथपर्यंत मला कळलं, इथून पुढे कळलं नाही’ ही रेघ तुम्हाला खरोखर दाखवता येते. एरवी ‘शिकायचं आहे’ हे सगळेच म्हणतात. नेमकं काय, हे सांगता येणारे थोडे असतात.

बोलण्याचा मजकूर लिहायच्या आधी एका कागदावर दोन रकाने करा. एकात ‘मी’, दुसऱ्यात ‘इतरांनी’. भरावाच्या थरांची नोंदवही ठेवली, कोअर कटर ठोकताना हजर राहिले, नमुन्यांची वजनं घेतली, ओलाव्यासाठी माती भट्टीत ठेवली: यातलं जे तुमच्या हातून झालं तेवढंच ‘मी’च्या रकान्यात जाईल. तपासणीच्या जागा कोणी ठरवल्या, कारण कोणी लिहून दिलं, दुरुस्ती कोणी सुचवली हे दुसऱ्या रकान्यात. मग बोलताना ‘मी’ म्हणजे मी आणि ‘सल्लागारांनी’ म्हणजे सल्लागारांनी. सगळ्यात जास्त गोंधळ ‘आम्ही’ या शब्दाने होतो. ‘आम्ही तपासणी करून कारण शोधलं’ असं म्हटलंत की समोरचा विचारतो, त्यात तुम्ही काय केलंत? तिथे अडखळलात की आधीचं खरं बोलणंही संशयास्पद वाटू लागतं. उलट ‘कारण सल्लागारांनी शोधलं, वजनं मी घेतली’ हे सरळ वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न वजनांवर येतो, आणि ते तर तुमच्या हातचं काम आहे.

हे सगळं साधारण सव्वा मिनिटात बसायला हवं. तुमच्या नोंदींवरून मजकूर असा होऊ शकेल:

‘नमस्कार. मी अमुक. सिव्हिलची पदवी घेतल्यावर दीड वर्ष एका गोदामाच्या बांधकामावर साइट इंजिनिअर म्हणून काम केलं. भरावाचे थर आणि त्यांच्या चाचण्यांची नोंद ठेवणं हे माझं मुख्य काम होतं. तिथे फरशीखालच्या १.२ मीटर भरावाचा एक पट्टा ठरल्यापेक्षा कोरडा दाबला गेला. काही महिन्यांनी त्या पट्ट्याचा फक्त एक कोपरा ३५ मिलिमीटर खचला. पन्हळीचं पाणी तिथेच मुरत होतं. बाकीचा पट्टाही तितकाच कमी दाबलेला होता, पण तो हलला नाही. तपासणीत नमुन्यांची वजनं आणि ओलावा मी काढला, कारण सल्लागारांनी ठरवलं. घनता कमी आहे हे मला आकड्यांवरून दिसत होतं. पण तीच माती, तोच भार, आणि केवळ पाणी शिरल्यावर ती का बसते, हे मला पदवीच्या अभ्यासावरून नीट मांडता आलं नाही. ते शिकायचं आहे, म्हणून जिओटेक्निकल ही माझी पहिली पसंती आहे.’

यात शाळा नाही, छंद नाहीत, घरच्यांची माहिती नाही. ते विचारलं तर सांगा. अनुभव तिसऱ्या-चौथ्या वाक्यातच सुरू होतो, आणि तो मुद्दाम तिथे ठेवला आहे. अनेकदा समोरचे अर्ध्या मिनिटात मध्येच थांबवतात. अनुभव शेवटाला ठेवलात तर तो राहूनच जातो. आकडे दोनच आहेत, १.२ मीटर आणि ३५ मिलिमीटर. घनतेचे आकडे ओळखीत घालण्याचा मोह आवरा. ऐकणाऱ्याला एका दमात सहा आकडे लक्षात राहत नाहीत. शिवाय ते प्रश्न आल्यावर सांगितले की वजन वाढतं. टँकर का आला नाही, कंत्राटदार कोण होता, पन्हळ कोणी चुकीची लावली, यातलं काहीही नको. बांधकामाचं किंवा कंपनीचं नावही घेऊ नका. नोंदी तुमच्या हातच्या असल्या तरी त्या कामाच्या मालकीच्या आहेत, आणि दोष कोणाचा याची चर्चा सुरू झाली की माती बाजूला पडते.

मजकूर पाठ मात्र करू नका. क्रम लक्षात ठेवा: काम, घटना, विसंगती, माझा वाटा, न सुटलेला प्रश्न. मुलाखत ज्या भाषेत होणार आहे त्याच भाषेत हे पाच टप्पे रोज एकदा मोठ्याने बोला आणि दर वेळी शब्द बदलू द्या. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलंत की दोन गोष्टी लगेच कळतील, वेळ किती लागतो आणि ‘विसंगती’चं वाक्य घाईत गिळलं जातं का. ते वाक्य या बोलण्याचा कणा आहे. ‘बाकीचा पट्टाही तितकाच कमी दाबलेला होता’ म्हणाल्यावर क्षणभर थांबा, मगच ‘पण तो हलला नाही’ म्हणा.

आता खरी तयारी, म्हणजे ही ओळख ऐकून जे प्रश्न येतील त्यांची. तुम्ही दार उघडून दिलंत, तर आतली खोली तुमच्या ओळखीची असायला हवी.

पहिला प्रश्न बहुधा शब्दांवर येईल: ‘म्हणजे तिथे कन्सॉलिडेशन झालं म्हणायचं का?’ हा सापळा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. कॉम्पॅक्शन म्हणजे यंत्राने दाबून मातीतली हवा बाहेर काढणं, ते काही मिनिटांत होतं. कन्सॉलिडेशन म्हणजे संपृक्त मातीवर भार आल्यावर तिच्यातलं पाणी हळूहळू बाहेर जाऊन ती बसणं, आणि त्याला महिने, कधी वर्षं लागतात. तुमच्या कोपऱ्यात यातलं काहीच झालेलं नाही. तिथे पाणी बाहेर गेलेलं नाही, उलट आत आलं आणि माती बसली. याला भिजल्यावर होणारा कोलॅप्स म्हणतात. पत्रात तुम्ही ‘खचला’ हा शब्द वापरलात, तो बरोबर आहे. मुलाखतीतही तोच ठेवा आणि विचारलं तर कोलॅप्स म्हणा. ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी चालेल, पण ‘कन्सॉलिडेशन’ म्हणालात तर पुढची दोन मिनिटं ती चूक निस्तरण्यात जातील.

दुसरा प्रश्न, घनता कशी काढली? इथे पुस्तकी व्याख्या सांगू नका, स्वतःचा नमुना सांगा. तुमच्या वहीप्रमाणे कटरचं आकारमान १,००० घनसेंटीमीटर होतं आणि आतल्या ओल्या मातीचं वजन १,७६६ ग्रॅम भरलं. म्हणजे ओली घनता १.७६६. ओलावा ९ टक्के, म्हणून १.७६६ भागिले १.०९, उत्तर १.६२. हा भागाकार फळ्यावर न चुकता करता आला पाहिजे. ९ टक्के वजा करून १.६१ काढणं ही नेहमीची चूक आहे. आकडा जवळचा येतो, पण रीत चुकलेली लगेच दिसते, कारण ओलावा कोरड्या मातीच्या वजनावर मोजलेला असतो. याला लागूनच विचारतील, कोअर कटरच का? भरावाची माती चिकटसर होती आणि तिच्यात खडे नव्हते म्हणून. खडेरी मुरूम असता तर कटर नीट घुसला नसता, कडेची माती विस्कटली असती, आणि खड्डा करून त्यात वाळू भरून आकारमान काढायची रीत वापरावी लागली असती.

तिसरा प्रश्न थोडा खोल आहे, आणि कोणी विचारला नाही तरी तुम्ही स्वतःसाठी सोडवून ठेवा. खचलेल्या कोपऱ्यात घनता किती असायला हवी? भराव १,२०० मिलिमीटर होता, ३५ मिलिमीटर बसला, म्हणजे १,१६५ उरला. माती तीच, क्षेत्रफळ तेच, जाडी मात्र कमी झाली. म्हणून १.६२ गुणिले १,२०० भागिले १,१६५, उत्तर जवळपास १.६७. तुमच्या वहीत खचलेल्या कोपऱ्याच्या नमुन्यापुढे १.६८ लिहिलेलं आहे. पत्रात या आकड्याचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत, पण पूर्ण वहीतली ही सगळ्यात बोलकी नोंद आहे. कागदावरचा हिशेब आणि हाताने घेतलेलं वजन एकमेकांशी जुळतात, म्हणजे बसलेला भाग मुख्यतः भरावातलाच होता, खालची मूळ जमीन नव्हे, असं म्हणायला आधार मिळतो. पण आधारच, पुरावा नव्हे. या हिशेबात संपूर्ण जाडी सारखीच बसली असं गृहीत धरलं आहे, आणि नमुने तर फक्त वरच्या थरातून घेतलेले आहेत. ही मर्यादा तुम्हीच बोलून दाखवा. समोरच्याने ती काढून दाखवण्याआधी तुम्ही सांगितलीत तर तो तुमच्याशी विद्यार्थिनीशी बोलावं तसं बोलू लागेल, आरोपीशी बोलावं तसं नाही.

मग मुख्य प्रश्न येईल: ‘तुम्हाला नीट मांडता आलं नाही म्हणता. आता तरी काय वाटतं?’ ‘माहीत नाही, म्हणून तर शिकायला आले आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. तीन आठवडे हातात असताना स्वतःच्याच प्रश्नावर काही वाचलं नाही, असा त्याचा अर्थ निघतो. एवढं तरी सांगता यायला हवं: ठरल्यापेक्षा कोरडी दाबलेली चिकणसर माती छोट्या-छोट्या ढेकळांच्या रूपात राहते आणि त्यांच्यामध्ये मोठी छिद्रं उरतात. छिद्रांत थोडंच पाणी असतं. त्याच्या ताणामुळे, ज्याला सक्शन म्हणतात, ढेकळं कडक राहतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. त्यामुळे ही विरळ रचना कोरडी असेपर्यंत भार पेलते. पाणी शिरलं की सक्शन कमी होतं, ढेकळं मऊ पडतात, मोठ्या छिद्रांत सरकतात, आणि भार न वाढताही माती बसते. तुमचा कोरडा अर्धा पट्टा का टिकला याचं उत्तर यातच आहे. तो मजबूत होता म्हणून टिकला नाही, त्याला अजून पाणी लागलं नव्हतं.

याची चाचणी कशी करतात हेही वाचून जा. एकाच मातीचे दोन सारखे नमुने घ्यायचे, एक आहे त्या ओलाव्यावर आणि दुसरा भिजवून ओडोमीटरमध्ये, म्हणजे भाराखाली माती किती बसते ते मोजणाऱ्या यंत्रात, भार देत न्यायचा, आणि एकाच भाराला दोघांच्या बसण्यात किती फरक पडतो ते बघायचं. जेनिंग्ज आणि नाइट यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही दुहेरी ओडोमीटर पद्धत समजली की तुमच्या १,२०० आणि ३५ या आकड्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. ३५ भागिले १,२०० म्हणजे सुमारे २.९ टक्के, आणि प्रयोगशाळेत मोजतात तोही असाच जाडीतला टक्का असतो.

कोणी फळ्याकडे पाठवलं तर कॉम्पॅक्शनचा वक्र काढायला सांगतील. आडव्या अक्षावर ओलावा, उभ्यावर कोरडी घनता. शिखर १४ टक्के आणि १.८५ वर. उजवीकडे वरून खाली येणारी शून्य हवेची रेषा काढायला विसरू नका, आणि तुमचा वक्र तिला ओलांडणार नाही याची काळजी घ्या. घनकणांचं सापेक्ष घनत्व २.७ धरलं तर १४ टक्क्यांवर ती रेषा १.९६ ला असते, म्हणजे शिखर तिच्या खाली सुरक्षित आहे. मग त्याच आलेखावर आपले दोन नमुने ठिपक्यांनी दाखवा, १३ टक्क्यांवर १.७९ आणि ९ टक्क्यांवर १.६२. ते तंतोतंत वक्रावर पडले नाहीत तरी घाबरू नका. वक्र प्रयोगशाळेतल्या ठरावीक ठोक्यांचा आहे, ठिपके रोलरने दिलेल्या ऊर्जेचे आहेत. हे वाक्य मात्र तयार ठेवा, कारण ‘मग हे वक्राच्या बाहेर कसे?’ हा प्रश्न हमखास येतो.

आणखी एक फाटा फुटू शकतो: ‘इथे काळी, फुगणारी माती असती तर?’ इथे सगळ्याच मातीला कोलॅप्सचा नियम लावू नका. फुगणारी चिकणमाती कोरडी असताना दाबली आणि वरचा भार फरशीपुरताच हलका असला, तर भिजल्यावर ती बसण्याऐवजी वर उचलली जाऊ शकते, आणि फरशी खचण्याऐवजी फुगून तडकते. काय होईल हे मातीतली खनिजं, आधीची घनता आणि वरचा भार यांवर ठरतं. इतकं सांगून ‘याच्या पुढचं मला नीट माहीत नाही’ म्हटलंत तरी चालेल. दोन प्रश्नांना खोलात उत्तर दिल्यावर तिसऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणणं अजिबात वाईट दिसत नाही. पहिल्याच प्रश्नाला तसं म्हणावं लागलं तर मात्र अनुभव उसना वाटतो.

पसंतीक्रमावरही विचारतील. तुमच्या अर्जात दुसऱ्या क्रमांकावर स्ट्रक्चरल आहे. ‘ती मिळाली तर घ्याल का?’ याला ‘नाही’ असं बाणेदार उत्तर द्यायची गरज नाही, आणि दोन्ही शाखांवर सारखंच प्रेम आहे असंही भासवू नका. ‘घेईन, कारण जमिनीवर टेकलेली फरशी आणि पाया हा विषय तिथेही आहे. पण माझा प्रश्न मातीच्या आत आहे, म्हणून पहिली पसंती ही’ इतकं पुरे.

राहिले गुण. ओळखीत ते स्वतःहून काढलेत तर अख्ख्या सव्वा मिनिटातलं तेवढंच लक्षात राहील, आणि पहिला प्रश्न भरावाऐवजी गुणपत्रिकेवर येईल. त्यांनी विचारलं तर मात्र टाळाटाळ करू नका, आणि पेपर कठीण होता, शिकवणारे बदलले, तब्येत बरी नव्हती अशी कारणंही सांगत बसू नका. कारण खरं असलं तरी ते समोरच्याला तपासता येत नाही. गुण कमी आहेत हे एका वाक्यात मान्य करा आणि दुसऱ्या वाक्यात नंतर काय केलंत ते सांगा: ‘हो, त्या विषयात कमी आहेत. साइटवरच्या या घटनेनंतर कॉम्पॅक्शन, कन्सॉलिडेशन आणि कातरबळ ही प्रकरणं मी गणितांसह पुन्हा केली आहेत, त्यातलं काहीही विचारलंत तरी चालेल.’ हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा, कारण ते नक्की विचारतील. म्हणून तीन आठवड्यांतले पहिले दोन या तीन प्रकरणांना द्या, रोज थोडी उदाहरणं सोडवा, आणि बोलण्याचा सराव शेवटच्या आठवड्यापर्यंत पंधरा मिनिटांपुढे जाऊ देऊ नका.

मुलाखत पडद्यावर असेल तर मजकुराचा कागद समोर चिकटवू नका. वाचताना डोळे आडवे फिरतात आणि ते समोरच्याला दिसतं. नोंदवहीच्या त्या दोन पानांची प्रत जवळ असू द्या, पण कामाच्या मालकाची परवानगी असल्याशिवाय ती कोणालाही दाखवू नका. आकडे तोंडी सांगायला हरकत नाही.

कधी कधी वेळ कमी असतो आणि ‘दोन वाक्यांत सांगा’ म्हणतात. तेव्हा सव्वा मिनिटाचा मजकूर भराभर म्हणू नका, वेगळी दोन वाक्यं तयार ठेवा: ‘मी दीड वर्ष साइटवर भरावाच्या चाचण्या सांभाळल्या. तिथे सारख्याच कमी दाबलेल्या भरावाचा फक्त भिजलेला कोपरा ३५ मिलिमीटर बसला आणि कोरडा तसाच राहिला, त्याचं कारण समजून घ्यायला मी जिओटेक्निकल निवडलं.’